पैठणीवरचा ब्लाउज बदलताना: आधी कच्ची प्रत, मग पक्की

पैठणी विकायला ठेवलेली असते तेव्हा तिचा ब्लाउजपीस शिवलेला नसतो. शिवला की साडी एका मापाची होऊन बसते. म्हणून नौपाड्यातल्या एका साडीच्या दुकानासाठी फोटो काढताना मॉडेलने साधा काळा, आखूड बाह्यांचा तयार ब्लाउज घातला होता. साडी हिरवी, काठ-पदर जांभळा. दुकानदार काकांना हवं होतं ते एवढंच: "ब्लाउज जांभळा दिसू दे, बाही कोपरापर्यंत आण आणि बाहीला काठ. साडीला मात्र हात लावायचा नाही."

हे काम आम्ही कम्फीयूआय या एआयने चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एसडीएक्सएल जातीच्या एआय मॉडेलवर केलं. ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं. पूर्ण दर्जाचं एक चित्र निघायला आमच्याकडे साधारण सव्वा मिनिट लागतं. पहिल्याच वेळी मनासारखं चित्र मिळत नाही, चार-पाच वेळा काही ना काही बदलावं लागतं, आणि प्रत्येक वेळी तीन-चार नमुने पाहिल्याशिवाय अंदाज येत नाही. म्हणजे वीस चित्रं, पंचवीस मिनिटं, आणि तेही एका फोटोचं. दुकानाचे तीस फोटो असले की हिशोब हाताबाहेर जातो. लहान आकारात, कमी स्टेप्सवर, म्हणजे चित्र घडवण्याच्या कमी पायऱ्यांत, तेच चित्र सहा-सात सेकंदांत दिसतं, आणि वीस चित्रं अडीच मिनिटांच्या आत होतात.

शिंपी ट्रायलला कच्चा टाका घालतो, तसंच हे आहे. पण कच्च्या टाक्यावर माप कळतं, काजं-बटणं कशी दिसतील ते कळत नाही. लहान प्रतीवर काय तपासायचं आणि काय नाही, हे आधी ठरवलं नाही तर वाचलेला वेळ पुढे दुप्पट जातो.

आधी कापणी आणि मास्क

मूळ फोटो ४०००×६००० पिक्सेलचा होता. तो अख्खा कधीच मॉडेलमधून काढायचा नाही. हनुवटीच्या खालपासून कमरेपर्यंतचा २०४८×२०४८ चा चौकोन कापून घेतला. चेहरा या चौकोनाच्या बाहेर राहिला, त्यामुळे तो बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या सगळ्या फेऱ्या याच चौकोनावर: कच्ची प्रत ७६८×७६८ आणि पक्की १५३६×१५३६. दोन्ही चौरस आणि दोन्ही ६४ ने भाग जाणाऱ्या. कच्च्या-पक्क्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण जरा जरी वेगळं असलं तरी चित्र ताणलं जातं आणि मास्क, म्हणजे बदलायची जागा दाखवणारा थर, सरकतो.

मास्क एकदाच काढायचा, तोही २०४८ च्या चौकोनावर, वेगळ्या फाइलमध्ये. यात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फक्त जुन्या ब्लाउजभोवती मास्क काढणं. बाही लांब हवी असेल तर नवी बाही जिथे येणार तो उघडा दंडही मास्कमध्ये यायला हवा. मास्क जिथे संपतो त्याच्या पुढे मॉडेल काहीच रंगवू शकत नाही. मग ते आखूड बाहीच वेगळ्या रंगात काढून देतं आणि आपण प्रॉम्प्टमध्ये `elbow length` पुन्हापुन्हा लिहीत बसतो. आम्ही उजव्या दंडावर कोपराच्या खाली दोन बोटं जाईपर्यंत मास्क नेला. डाव्या खांद्यावरून पदर गेला होता, तिथे पदराच्या कडेला चिकटून, पण पदरावर न जाता. मंगळसूत्र ब्लाउजवरच येत होतं. ते मास्कमधून वगळलं, नाहीतर प्रत्येक प्रतीत वाट्यांचा आकार वेगळा आला असता.

इथे एक नियम आम्ही मोडत नाही. मॉडेलची लेखी संमती कपडा बदलण्यासाठी घेतलेली असते, अंग दाखवण्यासाठी नाही. म्हणून मास्क नेहमी ब्लाउजकडून झाकण्याच्या दिशेने वाढतो. गळा तिने घातला होता त्यापेक्षा खोल करायचा नाही, मग कच्च्या प्रतीत तो कितीही शोभून दिसो.

रंग शब्दांनी मागायचा नाही

सुरुवातीला सरळ मास्क लावून जांभळा ब्लाउज मागितला. `Set Latent Noise Mask` हे नोड वापरलं की मास्कखालचं मूळ चित्र राहतं, आणि `denoise`, म्हणजे मूळ चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, ०.७५ ठेवलं तर त्या काळ्याची सावली नव्या ब्लाउजवर उतरते. चारही प्रतींत वांग्यासारखा काळपट रंग. `denoise` एकपर्यंत नेलं तेव्हा काळेपणा गेला, पण दर वेळी जांभळ्याची वेगळीच छटा यायला लागली, आणि बाही एकदा फुग्याची तर एकदा मनगटापर्यंत.

मग जुनाच उपाय केला. पैठणीसोबतचा न शिवलेला ब्लाउजपीस फोटो काढताना त्याच खिडकीजवळ ठेवून टिपला होता. त्यातून रंग उचलला आणि गिंपमध्ये चौकोनावर सपाट ब्रशने ब्लाउज रंगवला: अंगावर, खांद्यावर आणि दंडावरून कोपरापर्यंत. दोनच छटा, खिडकीकडच्या बाजूला उजळ आणि काखेकडे गडद. बाहीच्या टोकाला सोनेरी पट्टी. अगदी शाळकरी मुलाने रंगवल्यासारखं दिसतं ते, पण त्याची गरज तेवढीच. आता `denoise` ०.७२ वर मॉडेल त्या रंगाला धरूनच चुण्या, शिवण आणि उजेड घालतं. बाहीची लांबीही रंगवलेल्या कडेवरच थांबते.

याचा खरा फायदा आकार बदलताना दिसतो. प्रॉम्प्टमधून आलेला रंग ७६८ वर एक आणि १५३६ वर दुसराच निघू शकतो. रंगवलेला तळ मात्र दोन्ही आकारांत तोच असतो.

कच्ची फेरी

शेवटी ठरलेल्या सेटिंग अशा होत्या:

```
size          768 x 768
steps         12
cfg           6
sampler_name  dpmpp_2m
scheduler     karras
denoise       0.72
```

प्रॉम्प्ट छोटाच: `plain purple silk blouse, elbow length sleeves, narrow plain gold border, soft window light`.

७६८ का, याचं उत्तर मॉडेलच्या शिक्षणात आहे. एसडीएक्सएल १०२४×१०२४ च्या आसपासच्या चित्रांवर शिकलेलं आहे. ५१२ वर आणलं की कापड थर्माकोलसारखं दिसायला लागतं, खांदा आणि बाही यांची जुळणी बिघडते, आणि तो दोष आपण मास्कचा किंवा प्रॉम्प्टचा समजतो. ५१२ हे एसडी १.५ या जुन्या मॉडेलचं घर. ७६८ वर एसडीएक्सएलला थोडी अडचण होते, पण इथे आजूबाजूची साडी, हात, पार्श्वभूमी सगळं खरं असतं आणि फक्त ब्लाउज भरायचा असतो, म्हणून चालून जातं. ७६८ वर पिक्सेल १०२४ च्या जवळपास ५६ टक्केच असतात. स्टेप्स तीसऐवजी बारा. बचत या दोन्हींच्या गुणाकाराची.

सॅम्पलर मात्र विचार करून निवडावा लागतो. `euler_ancestral` सारखे, ज्यांच्या नावात `ancestral` किंवा `sde` येतं, ते सॅम्पलर प्रत्येक स्टेपला नवा नॉइज टाकतात. बारा स्टेप्सवर दिसलेली बाही तीस स्टेप्सवर वेगळीच होते आणि कच्ची प्रत पाहण्यात अर्थ उरत नाही. `dpmpp_2m` किंवा साधा `euler` घेतला तर तोच सीड, म्हणजे सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा, आणि तोच आकार ठेवून स्टेप्स वाढवल्यावर मांडणी जवळपास तीच राहते, फक्त कडा आणि चुण्या नीट होतात.

चार नमुने हवे असले की `batch_size` चार करायचा मोह होतो. तसं केलं तर चारही चित्रांचा नॉइज एकाच सीडमधून एकदम तयार होतो, आणि तिसरं आवडलं तर ते एकट्याने पुन्हा काढणं सहजासहजी जमत नाही. सीडमध्ये दोन मिळवूनही ते येत नाही. त्यापेक्षा `batch_size` एक, `control_after_generate` ला `increment`, आणि रांगेत चार वेळा. प्रत्येक चित्राला स्वतःचा सीड मिळतो, आणि सेव्ह झालेल्या पीएनजीमध्ये सगळी जुळणी साठवलेली असते. ती फाइल खिडकीवर ओढून टाकली की तेच सेटिंग परत येतं.

या प्रतीत काय पाहायचं

चार प्रती समोर ठेवून आम्ही चारच गोष्टी पाहिल्या. बाही कोपरावर थांबली का? पदराखालून ब्लाउज बाहेर डोकावतो आहे की पदरच जांभळा झाला? उजेड खिडकीच्याच बाजूने आहे का? काखेतली चुणी हाताच्या ठेवणीशी जुळते का? पहिल्या प्रतीत कोपराखाली जुन्या त्वचेचा एक पट्टा जांभळट राहिला होता. मास्क तिथे फार खाली गेला होता, तो दोन बोटांवरून एका बोटावर आणला. दुसऱ्या प्रतीत डाव्या खांद्यावर पदराच्या कडेने जांभळं शिरलं होतं. तिथे दोष मॉडेलचा नव्हता, मास्कची कड पदरावर सहा-सात पिक्सेल चढली होती. अशा दुरुस्त्या सहा सेकंदांत तपासता येतात, यासाठीच तर कच्ची फेरी.

जरीचा काठ या प्रतीत पाहायचाच नाही. कारण सांगतो. मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. आधी चित्राची लांबी-रुंदी आठपट लहान केलेली एक आवृत्ती बनते आणि सगळं काम तिथे चालतं. आमच्या चौकोनात बाहीचा काठ ६४ पिक्सेल रुंद होता. ७६८ च्या प्रतीत तो २४ पिक्सेल होतो, आणि आठने भागल्यावर उरतात तीन घरं. तीन घरांत नारळी काठाची नक्षी काय मावणार? सोनेरी चिखल दिसतो. स्टेप्स वाढवून, प्रॉम्प्टमध्ये जरीचा उल्लेख करून तो सुधारत नाही. १५३६ वर सहा घरं मिळतात, तीही नक्षीला पुरत नाहीत, साधी सोनेरी पट्टी मात्र स्वच्छ येते. म्हणूनच प्रॉम्प्टमध्ये `plain gold border` आहे. नक्षी हवी असेल तर ब्लाउजपीसच्या फोटोतला खरा काठ शेवटी वरून बसवायचा. गिऱ्हाईक त्या काठाचे पैसे मोजणार आहे, त्यामुळे मॉडेलने कल्पनेने काढलेली नक्षी तिथे चालत नाही, कितीही सुबक आली तरी.

मास्कची कडही कच्च्या प्रतीत ठरवायची नाही. २०४८ वर १६ पिक्सेलची मऊ कड ठेवली होती. मास्क लहान केल्यावर ती ७६८ वर सहा पिक्सेल होते, म्हणजे त्या आठपट लहान चित्रात एक घरसुद्धा नाही. त्यामुळे कच्च्या प्रतीत कड थोडी पायरीसारखी दिसणारच. ती पाहून कोणी ७६८ वरच १६ पिक्सेलचा ब्लर लावला, तर मूळ मापात तो जवळपास ४३ पिक्सेल होतो आणि पदराच्या कडेला जांभळं धुकं पसरतं. कड आधी पूर्ण मापाच्या मास्कवर मऊ करावी, मग मास्क लहान करावा. `FeatherMask` नावाचं नोड यासाठी नाही, हेही लक्षात असू द्या. ते मास्कच्या आकाराची कड मऊ करत नाही, चित्राच्या चारी बाजूंकडून मास्क फिका करतं. मास्कचं चित्र करून `ImageBlur` लावायचं आणि पुन्हा मास्क करायचा.

काकांना दाखवण्यासाठी प्रत आणखी लहान केली, चारशे पिक्सेल रुंद, कोपऱ्यात मोठा आकडा टाकून. मोठी पाठवली तर नजर नेमकी त्या सोनेरी चिखलावर जाते आणि बोलणं जरीवर अडतं. व्हॉट्सॲपवरून फोटो जेपीजी होऊन येतो आणि आतली जुळणी नाहीशी होते, म्हणून "तिसरा बरा वाटतोय" या उत्तराला अर्थ राहावा यासाठी तो आकडा. काकांनी तिसरा निवडला आणि एवढंच विचारलं की बाही अर्धा इंच वर घेता येईल का. रंगवलेल्या तळात पट्टी थोडी वर सरकवली, त्याच सीडवर पुन्हा काढलं, सात सेकंदांत उत्तर तयार.

मोठं करताना सीडवर विसंबू नये

आता सगळे जिथे फसतात ती जागा. आवडलेल्या प्रतीचा सीड घेतला, आकार ७६८ ऐवजी १५३६ लिहिला, स्टेप्स तीस केल्या आणि बटण दाबलं. दीड मिनिटाने वेगळाच ब्लाउज. गळ्याची पट्टी बदललेली, चुण्या दुसरीकडे, आणि एकदा तर बाहीवर दुसऱ्या बाहीची शिवण.

सीड म्हणजे चित्र नव्हे. तो फक्त यादृच्छिक आकड्यांच्या रांगेची सुरुवात ठरवतो. ७६८ च्या प्रतीत ही रांग ९६×९६ च्या चौकटीत बसते, १५३६ ला १९२×१९२ च्या चौकटीत. आकडे तेच असले तरी ओळीची लांबी बदलली की कोणता आकडा चित्राच्या कोणत्या जागी पडतो ते बदलतं. मोगऱ्याच्या त्याच कळ्या वेगळ्या लांबीच्या सरीत ओवल्या तर मधला गुलाब दुसरीकडे येतो, तसं. शिवाय १५३६ हा या मॉडेलच्या ओळखीपेक्षा मोठा आकार आहे, म्हणून शिवणी-बाह्यांची पुनरुक्ती होते.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आकार तोच ठेवून स्टेप्स वाढवल्या तर सीड साथ देतो. आकार वाढवायचा तर सीड नाही, प्रत्यक्ष चित्रच पुढे न्यावं लागतं. आम्ही केलं ते या क्रमाने.

निवडलेली प्रत आधी ७६८ वरच, त्याच सीडने, तीस स्टेप्सवर काढली. दहा-बारा सेकंद. बाही आणि गळा तोच आहे ना, हे पाहून घेतलं. मग ते चित्र `lanczos` ने १५३६ पर्यंत मोठं केलं आणि मास्कबाहेरच्या जागी मूळ चौकोनाची १५३६ ची प्रत `ImageCompositeMasked` ने बसवली. ही पायरी वगळू नये. मोठं केलेलं चित्र सगळीकडे मऊ असतं. आजूबाजूची पैठणी मऊ दिसली की मॉडेल ब्लाउजही तितकाच मऊ ठेवतं. शेजारी खरी, कडक विण दिसली की ब्लाउजच्या रेशमालाही धागा येतो. त्यानंतर तोच मास्क आणि तोच प्रॉम्प्ट घेऊन पुन्हा एकदा फेरी:

```
size          1536 x 1536
steps         30
cfg           6
sampler_name  dpmpp_2m
scheduler     karras
denoise       0.40
```

सगळी मेख त्या शेवटच्या आकड्यात आहे. ०.२ वर ठेवलं तर चित्र फक्त मोठं राहतं, कापड रेनकोटसारखं गुळगुळीत. ०.६ वर मॉडेल पुन्हा स्वतःचं डोकं चालवायला लागतं, म्हणजे नवी चुणी, सरकलेली बाही. आमच्या कामात ०.३५ ते ०.४५ मध्येच जमलं. बदल झाला का हे ओळखण्यासाठी दोन्ही प्रती एकाच मापात एकमेकींवर ठेवून वरची चालू-बंद करावी. बाहीची खालची कड आणि गळ्याची रेघ जागेवर स्थिर राहिली तर ठीक. त्यातली कोणतीही रेघ उडी मारताना दिसली की आकडा ०.०५ ने खाली आणावा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून आलेल्यांसाठी एक फरक नोंदवायला हवा. कम्फीयूआयमध्ये `denoise` ०.४ असलं तरी लिहिलेल्या तीसच्या तीस स्टेप्स चालतात. ऑटोमॅटिक११११ च्या मूळ सेटिंगमध्ये मात्र त्या प्रमाणातच चालतात, म्हणजे तीसपैकी बारा. तिथून उचललेले आकडे इथे जसेच्या तसे लावले की वेळेचा अंदाज चुकतो.

मूळ फोटोवर बसवणी

तयार १५३६ चा चौकोन २०४८ पर्यंत वाढवला आणि मूळ चौकोनावर फक्त मास्कपुरता बसवला. अख्खा चौकोन चिकटवला तर जिथे काही बदललं नाही असं वाटतं तिथेही बदल झालेला असतो. चित्र त्या आठपट लहान रूपात जाऊन परत येताना बारीक तपशील घासला जातो. पदरावरच्या मोरांच्या डोळ्यांत ते लगेच कळतं, बुट्टीचे टोकदार कोपरे गोल होतात. मास्कपुरती बसवणी केली की साडीचा प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यातलाच राहतो आणि काकांची अट शब्दशः पाळली जाते.

मग काठ. ब्लाउजपीसच्या फोटोतली ६४ पिक्सेल रुंदीची पट्टी कापली, बाहीच्या गोलाईप्रमाणे वाकवली आणि साध्या सोनेरी पट्टीवर ठेवली. तिच्यावर खालच्या पट्टीची सावली हलकीशी उतरू दिली, नाहीतर काठ स्टिकरसारखा तरंगतो. मंगळसूत्राखाली ब्लाउजवर पडणारी बारीक सावली मात्र गेली होती, कारण ती काळ्या कापडावर होती आणि काळ्यासोबत पुसली गेली. ती हाताने, तीन पिक्सेलच्या मऊ ब्रशने घातली. हे काम कोणत्याही फेरीत मॉडेलकडून झालं नसतं.

त्या मॉडेलच्या उरलेल्या फोटोंना आता कच्च्या फेरीत एक-दोन प्रतीच लागतात, कारण रंग आणि आकडे ठरलेले आहेत, फक्त मास्क आणि तळ प्रत्येक फोटोचा नवा. ज्या फोटोत हात कमरेवर आहे आणि दंडावर पदराची झालर पडते, तिथे मात्र सहा वेळा मास्क दुरुस्त करावा लागला. सहाही वेळा ७६८ वर.